सात-आठ

रामबागेत लाइट गेली तेव्हा साडेआठ वाजले होते. दहाला इन्व्हर्टरनेही मान टाकली. बाबांनी देवघरातली समई आणून पाटावर ठेवली आणि कपाटातून पत्ते काढले.

"सात-आठ खेळू. दोघांना तेच बरं."

नीरजने तीस पत्ते वेगळे केले. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सगळे, शिवाय बदाम आणि इस्पिकची सत्ती. आई होती तोवर याच तीस पत्त्यांत पाच-तीन-दोन व्हायचं. बदाम सत्तीचा कोपरा तिनेच कधीतरी दुमडलेला. कुणाच्या हातात आहे ते लगेच कळायचं. तिघांनाही ते माहीत होतं, पण कुणी कधी बोललं नाही आणि नवा कॅटही आणला नाही.

बाबांनी पत्ते पिसले आणि वाटायला लागले. सवयीने तीन ठिकाणी. तिसरा ढीग भिंतीकडे, ती टेकून बसायची तिथे.

त्यांचा हात थांबला.

"राहू द्या बाबा. तिचे मी खेळतो."

"पाच हात तिचे, मग हुकूमही तिचाच." बाबांनी घसा खाकरला. "काय म्हणाली असती?"

"बदाम."

"दरवेळी बदामच. हातात एक पान नसलं तरी."

किती डाव झाले, कुणी मोजले नाहीत. पावणेदोनला पंखा गरगरला आणि समईची ज्योत आडवी झाली. बाबा चटकन उठले, दिवा-पंखा दोन्ही बंद करून परत येऊन बसले.

"चल, उतारी तुझ्या आईची."