मैदानावरचा एक चौरस मीटर: परिसंस्थेचा पाठ, इयत्ता सातवी

वेळ सकाळी 8 ते 9.20, सलग दोन तासिका. विद्यार्थी 36, सहा-सहा जणांचे सहा गट, सोबत दोन शिक्षक.

कशासाठी

उत्पादक, भक्षक, विघटक ही नावं मुलांची पाठ आहेत. आज ती नावं बाजूला ठेवायची. जागा बदलली की जीव का बदलतात, हे मुलांनी मोजून सांगावं, एवढंच उद्दिष्ट. कीटकाचं नाव आलं नाही तरी चालेल. पायांची संख्या, रंग आणि तो काय करत होता, हे नोंदीत आलंच पाहिजे.

जागा

तीन जागा, प्रत्येक जागी दोन गट:
- अ: मोठ्या झाडाखालचा पालापाचोळा
- ब: मैदानाचा मधला, रोज तुडवला जाणारा भाग
- क: पाण्याच्या नळामागची ओलसर पट्टी

एकाच जागी दोन गट मुद्दाम ठेवले आहेत. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, यावरच सगळ्यात चांगली चर्चा होते. ‘ब’ मिळालेली मुलं नाराज होतील, कारण तिथे ‘काहीच नाही’. त्यांना आधीच सांगा: शून्य हीसुद्धा नोंद आहे, आणि आजच्या तुलनेचा सगळा भार त्याच शून्यावर आहे.

साहित्य (प्रत्येक गटाला)

चार मीटर सुतळी व चार बोथट खुंट्या, भिंग, तापमापी, मोजपट्टी, 200 मिलिलिटर पाणी, दोन्ही बाजूंनी उघडा प्लॅस्टिक पाइपचा तुकडा, सेकंदकाट्याचं घड्याळ, पॅडला लावलेली नोंदपत्रिका, पेन्सिल. पाइपचे तुकडे सारख्याच व्यासाचे हवेत, नाहीतर तुलना फुकट जाईल.

क्रम

पहिली 10 मिनिटं वर्गातच: नियम, गट, कामांची वाटणी. एक जण लिहील, एक वेळ पाहील, दोघं मोजतील, एक भिंग धरील आणि एक सुरक्षेकडे लक्ष देईल. मैदानावर चौकट आखल्यावर पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, हलायचं नाही. आपल्या हालचालीने दडलेले जीव तेवढ्या वेळात पुन्हा बाहेर येऊ लागतात, म्हणून घाई झाली तरी ही पाच मिनिटं कापू नका. त्यानंतर 35 मिनिटं नोंदी, 5 मिनिटं आवराआवर व हात धुणं, उरलेली 25 मिनिटं वर्गात चर्चा.

नोंदपत्रिका

1. जागेचं अक्षर, वेळ आणि आकाश कसं आहे ते लिहा.
2. तापमापी सावलीत धरून जमिनीलगतचं तापमान घ्या. नंतर कमरेच्या उंचीवर घ्या. फरक किती?
3. चौकटीचा किती भाग हिरवा आहे: काहीच नाही, पाव, अर्धा, पाऊण की जवळपास पूर्ण?
4. वेगवेगळ्या प्रकारची रोपं किती? पानाच्या आकारावरून ठरवा. दोन पानांची चित्रं काढा.
5. दिसलेल्या प्रत्येक प्राण्यासाठी एक ओळ: पाय किती, कुठे सापडला, काय करत होता, किती दिसले. उदाहरण: ‘पाय 6, काळा, कोरड्या पानाखाली, अन्नकण ओढत होता, 14.’
6. पाइप जमिनीत 2 सेंटिमीटर दाबा, सगळं पाणी ओता. मुरायला किती सेकंद लागले? 5 मिनिटांत मुरलं नाही तर तसं लिहा.
7. कोण काय खातं, हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर बाण काढा. अंदाज असेल तर बाण तुटक रेषेचा काढा.

सातवा प्रश्न घाईत उरकू देऊ नका. पाहिलेलं आणि मानलेलं यांतला फरक त्या तुटक रेषेत आहे.

सुरक्षेचे नियम

बंद बूट, टोपी, पाण्याची बाटली सक्तीची. दमा किंवा कीटकदंशाची ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी आदल्या दिवशी पालकांकडून घ्या, त्यांची औषधं शिक्षकांच्या पिशवीत असू द्या. शिक्षकांनी 7.30 ला तिन्ही जागा फिरून काचा, तारा, मुंग्यांची वारुळं, गांधीलमाशीचं पोळं पाहावं. काही आढळलं तर जागाच बदला.

मुलांसाठी:
- बिळात, फटीत हात घालायचा नाही. पालापाचोळा काडीनेच हलवायचा.
- दगड उचलायचा झाल्यास शिक्षकांसमोरच, पलीकडची कड आधी वर करून, म्हणजे खालचा जीव आपल्याकडे येत नाही. दगड होता तसाच ठेवायचा.
- केसाळ सुरवंट, गोम, विंचू, माशी यांना हात नाही. साप दिसला तर मागे सरकून लगेच शिक्षकांना हाक मारायची.
- भिंगातून सूर्याकडे कधीच पाहायचं नाही.
- काहीही तोंडात घालायचं नाही, काहीही घरी न्यायचं नाही. गांडूळ ओल्या त्वचेतून श्वास घेतं, त्याला उन्हात ठेवायचं नाही.
- एक लांब शिट्टी: जिथे आहात तिथे थांबा. तीन छोट्या: ताबडतोब वर्गात. विजा चमकल्या तर पाठ तिथेच थांबेल.

चर्चा

फळ्यावर तिन्ही जागांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा आणि पाणी मुरण्याच्या वेळेपासून सुरुवात करा. पायांखाली माती दाबली गेली की तिच्यातली हवेची जागा कमी होते, पाणी मुरत नाही, मुळं खोल जात नाहीत. मग ‘ब’मध्ये प्राणी का कमी, हे मुलं स्वतःच जोडतात. झाडाखालचा पाला रोज झाडून उचलला तर ‘अ’चं काय होईल, हा प्रश्न विचारून उत्तर गृहपाठाला पाच ओळींत लिहायला द्या. उत्तरात आजचा किमान एक आकडा हवा.