नवजात बाळासाठी मलमल व होजिअरी कपड्यांचा चौदा नगांचा संच : झबली, लंगोट, टोपडी, दुपटी (लातूर येथे शिवलेला)

किंमत : १,३५० रुपये (टपाल खर्च वेगळा). संचात दुपदरी मलमलीची चार झबली, होजिअरीची दोन लांब बाह्यांची झबली, चार लंगोट, दोन टोपडी आणि दोन दुपटी असे चौदा नग आहेत. रंग तीन आहेत : न रंगवलेला मूळ कापसाचा रंग, फिका हळदी आणि फिका निळा. काळा, गडद लाल आणि मोरपंखी या रंगांची मागणी अधूनमधून होते, परंतु ते आम्ही ठेवत नाही. त्याचे कारण रंगांविषयीच्या भागात दिले आहे.

माप कसे निवडावे

बाळाचे कपडे महिन्यांवरून घेण्याची पद्धत रूढ असली, तरी महिन्यांवरून घेतलेले कपडे बऱ्याचदा चुकतात, कारण अडीच किलोचे आणि साडेतीन किलोचे बाळ एकाच दिवशी जन्मले तरी त्यांना एकच झबले बसत नाही. म्हणून आम्ही माप बाळाच्या डोक्यापासून टाचेपर्यंतच्या लांबीवरून ठरवतो आणि वजन जोडीला धरतो. वय केवळ अंदाजासाठी दिले आहे.

माप ५० : लांबी ५० सें.मी. पर्यंत, वजन अडीच ते साडेतीन किलो, साधारण पहिला महिना. झबल्याची उंची २८ सें.मी., छातीचा घेर ४४ सें.मी.
माप ५६ : लांबी ५१ ते ५६, वजन साडेतीन ते पाच किलो, साधारण एक ते दोन महिने. उंची ३०, घेर ४८.
माप ६२ : लांबी ५७ ते ६२, वजन पाच ते साडेसहा किलो, साधारण दोन ते चार महिने. उंची ३३, घेर ५०.
माप ६८ : लांबी ६३ ते ६८, वजन साडेसहा ते आठ किलो, साधारण चार ते सात महिने. उंची ३६, घेर ५२.
माप ७४ : लांबी ६९ ते ७४, वजन आठ ते साडेनऊ किलो, साधारण सात महिने ते वर्ष. उंची ३९, घेर ५४.

ही मापे तयार कपड्याची आहेत, म्हणजे बाळाच्या छातीभोवती हात घालण्याइतकी सैल जागा त्यांत आधीच धरली आहे. त्यामुळे ‘जरा मोठेच द्या’ असे सांगून दोन मापे वर जाऊ नये. गळा सैल झाला की झबले झोपेत तोंडावर सरकते. बाळंतपणाआधीच खरेदी करणाऱ्यांनी माप ५० चा पूर्ण संच न घेता दोनच झबली त्या मापाची आणि बाकी सर्व ५६ ची मागावीत, असे आम्ही स्वतःहून सुचवतो, कारण पन्नासचे माप बहुतेक बाळांना तीन-चार आठवड्यांतच अपुरे पडते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळासाठी ४४ माप मागणीनुसार चार दिवसांत शिवून मिळते. मावशी किंवा आत्या बारशाचा आहेर म्हणून संच नेत असतील आणि बाळाचे वजन ठाऊक नसेल, तर ६२ माप घ्यावे.

कापड आणि त्याचा मऊपणा

दुकानात हात लावल्यावर जे कापड लोण्यासारखे लागते, ते दहा धुण्यांनंतरही तसेच राहील याची खात्री नसते. कापडावर शेवटी सिलिकॉनचा मुलामा दिला की तात्पुरता गुळगुळीतपणा येतो, आणि तो साबणाबरोबर हळूहळू निघून जातो. टिकणारा मऊपणा सुतातूनच यावा लागतो. आमच्या मलमलीसाठी विंचरलेले सूत वापरले आहे. विंचरणीत आखूड तंतू वेगळे काढले जातात, त्यामुळे सुताबाहेर डोकावणारी टोके कमी राहतात, आणि कोवळ्या त्वचेला टोचतात ती हीच टोके. होजिअरीच्या कापडावर यानंतर विकराची प्रक्रिया होते, ज्यात पृष्ठभागावरचे उरलेसुरले रोम विरघळतात आणि कापडावर गोळे धरत नाहीत. मलमल इचलकरंजीच्या मागांवरची आहे, होजिअरी तिरुप्पूरची. शिवण मात्र पूर्णपणे लातूरची.

मलमल आम्ही दोन पदरी घेतो. एकेरी मलमल फार विरळ असते आणि लवकर फाटते. दोन पदरांमध्ये थोडी हवा अडकते, घाम शोषला जातो आणि कापड वाऱ्याला मोकळे राहते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाळाला एक मलमलीचे झबले आणि लंगोट एवढेच पुरेसे असते. होजिअरीची झबली चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या इंटरलॉक कापडाची असून ती थंडीच्या दिवसांसाठी आणि पावसाळ्यातील रात्रींसाठी आहेत. घरात टोपडे सतत घालून ठेवू नये. बाळ अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकते, आणि उन्हाळ्यात बंद खोलीत टोपडे घातलेले बाळ अकारण तापते.

आपल्याकडे आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे आणि वाकळ करण्याची रीत आहे, आणि ती कापडाच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची आहे, कारण शंभर वेळा धुतलेल्या सुतात खळही उरत नाही आणि सुटा रंगही उरत नाही. घरात असे लुगडे असेल तर दुपटी आमच्याकडून घेऊ नयेत. ती वगळून संच १,१०० रुपयांना मिळेल.

शिवण

बाळाचा कपडा उलटा करून पाहावा, कारण सुलट बाजू सर्वांचीच चांगली असते. आमच्या मलमलीच्या झबल्यांत कडा आत दुमडून दुहेरी टीप घातली आहे, त्यामुळे कापलेली कड आतून उघडी राहत नाही. होजिअरीला अशी दुमड जाड होते, म्हणून तेथे ओव्हरलॉक वापरले आहे, परंतु नायलॉनचा दोरा न घेता सुती दोराच लावला आहे आणि काखेतली व मानेजवळची शिवण बाहेरच्या बाजूस ठेवली आहे. काहींना ती चूक वाटते व तसे कळवतातही. ती चूक नव्हे.

झबली पुढून उघडणारी असून डाव्या कुशीला दोन बंद आहेत. बंदांची लांबी प्रत्येकी १२ सें.मी. पेक्षा जास्त नाही आणि मानेजवळ एकही बंद किंवा नाडी नाही, कारण गळ्याजवळची लांब नाडी पाळण्यात अडकून फास बसू शकतो. याच कारणाने टोपड्यालाही हनुवटीखाली बांधायचे बंद दिलेले नाहीत. होजिअरीचा ताण पुरेसा असतो. गुंड्या, टिचबटणे, मोती, टिकल्या यांपैकी काहीही लावलेले नाही. जे सुटून येऊ शकते ते बाळाच्या तोंडात जाणारच. बारशासाठी जरीची लेस लावून द्यावी अशी विनंती होते, परंतु जर टोचते आणि तिची तार उसवते, म्हणून आम्ही ती नम्रपणे नाकारतो.

सुटे दोरे प्रत्येक नगातून आतून-बाहेरून कापले जातात. हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही : एखादा दोरा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह थांबू शकतो, आणि बाळ का रडते आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. धुण्यानंतर नवा दोरा सुटलेला दिसला तर तो ओढू नये, कात्रीने कापावा. मापाची चिठ्ठी शिवलेली नाही. माप कापडावर छापलेले आहे.

रंगांची सुरक्षितता

बाळ कपडा चोखते, त्यावर लाळ गाळते आणि त्यात घामेजते, म्हणून रंग पक्का आहे एवढे पुरत नाही. तो कशाचा बनला आहे हेही पाहावे लागते. काही अ‍ॅझो रंग विघटित होऊन कर्करोगकारक अ‍ॅरोमॅटिक अमाइने तयार करतात. अशा रंगांच्या वापरावर भारतात १९९० च्या दशकातच बंदी आली, आणि युरोपीय संघात अशा प्रत्येक अमाइनची मर्यादा कापडाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. आमच्या दोन्ही रंगांच्या कापडाची प्रत्येक नव्या खेपेला प्रयोगशाळेत तपासणी होते. सध्याच्या खेपेत अशी अमाइने आढळलेली नाहीत, फॉर्माल्डिहाइड १६ मिलिग्रॅमच्या खाली आहे, आणि लाळ व घाम यांना रंगाचा टिकाऊपणा पाचपैकी चार ते पाच या श्रेणीत आला आहे. अहवालाची प्रत मागितल्यास पाठवली जाते.

रंग रिअ‍ॅक्टिव्ह वर्गातले आहेत. हे रंग कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जातात, नुसते वर बसत नाहीत. जो भाग जोडला जात नाही तो गरम पाण्याच्या धुण्यात काढून टाकावा लागतो. गडद छटेत रंग अधिक घालावा लागतो आणि सुटा रंगही अधिक उरतो, म्हणूनच आम्ही फिक्या छटांवर थांबलो. हळदी छटा हळदीची नाही, हेही स्पष्ट केलेले बरे. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि रंग ‘नैसर्गिक’ असला म्हणून तो पक्का करण्यासाठी वापरलेले क्षारही निर्धोक असतात असे नाही. ज्यांना कोणताच रंग नको आहे त्यांनी मूळ कापसाच्या रंगाचा संच घ्यावा. त्यात शुभ्रता आणणारे रसायनही वापरलेले नाही, त्यामुळे तो किंचित पिवळसर दिसतो.

घरी पडताळणी करायची असल्यास ओल्या पांढऱ्या रुमालाने कपड्याचा आतला भाग पन्नास वेळा घासावा. रुमालावर रंग उतरला तर कपडा वापरू नये व आम्हाला परत पाठवावा.

धुणे, वाळवणे, ठेवणे

कापड शिवण्याआधी आटवलेले आहे, तरीही नवा कपडा एकदा धुतल्याशिवाय बाळाला घालू नये. आपल्या भागात बोअरचे पाणी जड असते; त्यात वडीच्या साबणाचा फेस होत नाही, उलट साबण आणि क्षार मिळून चिकट थर बनतो, तो सुतात बसतो आणि मऊ लंगोट महिन्याभरात पापडासारखा कडक होतो. त्यामुळे साबणाच्या वडीऐवजी बिनवासाचे सौम्य द्रव डिटर्जंट अर्ध्याच प्रमाणात घ्यावे आणि तीनदा खळबळून काढावे. शेवटचे खळबळणे पावसाच्या साठवलेल्या किंवा जारच्या पाण्यात करता आले तर फरक हाताला जाणवतो. लंगोट आधी थंड पाण्यात धुऊन मग गरम पाण्यात भिजवावेत; रंगीत झबल्यांना कोमट पाणी पुरते. ब्लीच, नीळ आणि खळ वापरू नये. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव लंगोटांना तर मुळीच लावू नये, कारण त्याने कापडाची शोषण्याची शक्ती कमी होते. तेल-मालिशीचे डाग धुण्यापूर्वी डाळीच्या पिठाने चोळून काढावेत.

लंगोट आणि बिनरंगी कपडे कडक उन्हात, रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत.

कपडे ठेवताना डांबरगोळ्या कधीही वापरू नयेत. त्यांतील नॅप्थलीनच्या वाफेने काही नवजात बाळांच्या, विशेषतः जी-६-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. थोरल्या भावंडाचे जपून ठेवलेले झबले पेटीतून काढताना तोच वास आला, तर ते दोन-तीनदा धुऊन व मोकळ्या हवेत ठेवून वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नये. सुकवलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून पेटीच्या तळाशी ठेवावा.

मागणी व बदली

लातूर, धाराशिव, बीड, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत पार्सल साधारण तीन दिवसांत, इतरत्र सहा दिवसांत पोहोचते. माप चुकल्यास न धुतलेला, न वापरलेला संच दहा दिवसांत बदलून मिळेल. लंगोट स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतले जात नाहीत. मात्र शिवण उसवल्यास तीन महिन्यांपर्यंत ते विनामूल्य शिवून किंवा बदलून दिले जातात.