विषय: स्कूटरची रेंज ६० किमीच्या पुढे जात नाही, बॅटरी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा

प्रति,
कस्टमर ग्रिव्हन्स विभाग
कॉपी: नाशिकचे डीलर आणि सर्व्हिस सेंटर
दिनांक: २७ ऑक्टोबर २०२५

सर/मॅडम नमस्कार,

ही माझी चौथी तक्रार आहे. आधीच्या तिन्ही वेळा तुमच्याकडून "आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे" असा मेसेज आला, आणि त्यातला एक तर मी सर्व्हिस सेंटरच्या बाकावर गाडीची वाट बघत बसलेली असतानाच आला. त्यामुळे यावेळी फोन नाही, सगळं लिहूनच देते. बिल, आरसी, तिन्ही जॉबकार्ड, फोटो सोबत जोडलेत, गाडी नंबर, चेसिस नंबर सगळं त्यात आहे.

गाडी मी यंदाच्या गुढीपाडव्याला म्हणजे ३० मार्च २०२५ ला घेतली, ऑन रोड १,१८,५०० रुपये, त्यातले ७० हजार लोनचे. मी पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन ब्लड सॅम्पल घेते. इंदिरानगरला घर, लॅब शरणपूर रोडला, आणि पेशंट एक म्हसरूळला तर दुसरा देवळाली कॅम्पला, त्यामुळे रोजचे ७० ते ७५ किमी होतातच. हे मी शोरूममध्ये पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. तुमच्या बोर्डावर १३० किमी लिहिलंय, आणि मी काही इतकी भोळी नाही की १३० मिळतील असं धरून चालेन. मी विचारलंच, की दादा खरं सांगा किती जाते, तर सेल्सवाले म्हणाले, "ताई १३० कागदावरचे, पण रस्त्यावर १०० डोळे झाकून." आणि कोटेशनच्या मागे निळ्या पेनाने "इको – १०० किमी" लिहून खाली दोन रेघा मारून दिल्या. तो कागद मी जपून ठेवलाय, फोटो जोडलाय.

सुरुवातीला साधारण ८५-८८ मिळायचे. तेव्हा मी गप्प बसले, म्हटलं चालतंय, माझं काम भागतंय ना. जूनपासून घसरायला लागलं, ७५, मग ६८, आणि आता गेले दोन महिने ५८ ते ६२. इको मोड, स्पीड ४०-४५, एकटी बसते, डिक्कीत सॅम्पलचा बॉक्स जेमतेम तीन-चार किलोचा. गाडी साधारण ११,४०० किमी झालीये. तुमच्या वॉरंटीत बॅटरीला ३ वर्षं किंवा ४० हजार किमी आहेत, म्हणजे अजून तिसरा हिस्सा सुद्धा संपला नाही हो.

आता सर्व्हिस सेंटरने काय काय सांगितलं ते ऐका. १२ जूनला गेले तर म्हणे पावसाळ्यात कमीच मिळते. ४ ऑगस्टला म्हणे टायरमध्ये हवा कमी आहे (हवा मी दर रविवारी बघते, तरी परत भरून घेतली, फरक शून्य) आणि सॉफ्टवेअर अपडेट मारून दिलं, त्याने एवढंच झालं की स्क्रीनवर रेंज ९६ दाखवायला लागली आणि गाडी आधीइतकीच पळायची. १९ सप्टेंबरला मात्र म्हणाले की मॅडम तुमची रायडिंग स्टाईल. नाशिकमध्ये सध्या कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते जागोजागी उखडलेत, द्वारकाला तर गाडी पळवायची म्हटली तरी पळत नाही, मी कुठली स्टाईल मारणार?

१९ तारखेला का गेले तेही सांगते. तीन दिवस आधी, १६ सप्टेंबरला देवळाली कॅम्पमधल्या एका आजींचं पीपीचं सॅम्पल घ्यायचं होतं. पीपी म्हणजे जेवण झाल्यावर बरोब्बर दोन तासांनी रक्त घ्यावं लागतं, अर्धा तास इकडेतिकडे झाला की रिपोर्टला अर्थ राहत नाही. आजी दहाला जेवल्या, मला बाराला पोचायचं होतं. नाशिक रोडला दत्तमंदिर सिग्नलला थांबले तेव्हा स्क्रीनवर २१ टक्के होते, सिग्नल सुटला आणि शंभर पावलांवर ७ टक्के झाले, मग कासवाचं चित्र आलं, गाडी १५ च्या स्पीडने रडतखडत थोडी चालली आणि बंद पडली. फुल चार्जवर निघून ट्रिप मीटरवर फक्त ५२ किमी. ऊन डोक्यावर, बॉक्समध्ये सकाळची नऊ सॅम्पल, त्यातले बर्फाचे पॅक विरघळायला लागलेले, आणि मी ती धूड गाडी ढकलत एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानापर्यंत नेली. त्या भाऊंनी बोर्डातून चार्जिंग करू दिलं, पाण्याची बाटलीही दिली. मी सॅम्पल रिक्षाने लॅबला पाठवली. आजींना दुसऱ्या दिवशी परत वेळ धरून जेवायला लावलं, त्यांच्या मुलाने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, आणि लॅबने त्या दिवसाचे पैसे कापले ते वेगळेच.

२१ वरून ७ टक्के एका झटक्यात. हे काही रायडिंग स्टाईलने होत नसतं. तुमच्याच टेक्निशियनने मला हळू आवाजात सांगितलं की आत एखादा सेलचा ग्रुप वीक असेल तर असं होतं, बाकीच्या सेलमध्ये चार्ज असला तरी तो एक ग्रुप आधी खाली बसतो आणि बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, सगळाच पॅक बंद करतं. मग मी म्हटलं हे जॉबकार्डवर लिहा, तर म्हणे वरून परवानगी नाही. लॅपटॉप लावून एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत, ८७ टक्के आहे असं तोंडी सांगितलं, प्रिंट मागितली तर तीही देत नाही म्हणाले. तुमच्या वॉरंटीत ७० टक्क्यांच्या खाली गेलं तरच बॅटरी बदलणार असं लिहिलंय, आणि तो आकडा बघायचं मशीन फक्त तुमच्याकडेच. म्हणजे पेपर तुम्हीच काढणार आणि तुम्हीच तपासणार, मी नुसतं पास-नापास ऐकायचं?

म्हणून मीच मोजलं. आमच्या शेजारी वायरमन काका आहेत, त्यांच्याकडे प्लगमध्ये लावायचा युनिट मोजायचा मीटर आहे. गाडी ३ टक्क्यांपर्यंत उतरवून रात्रभर १०० पर्यंत चार्ज केली आणि सॉकेटमधून किती युनिट घेतले ते बघितलं. ८, ११ आणि १५ ऑक्टोबर अशा तीन रात्री केलं, आकडे आले २.२०, २.१५ आणि २.२४ युनिट. मीटरच्या प्रत्येक आकड्याचा फोटो गाडीच्या स्क्रीनसकट काढलाय.

आता बघा, तुमच्या ब्रोशरमध्ये बॅटरी ३.२ किलोवॅट-अवरची आहे, म्हणजे सरळ ३.२ युनिट. चार्जर गरम होतो त्यात थोडी वीज वाया जाते, म्हणजे सॉकेटमधून उलट ३.२ पेक्षा जास्तच खेचली जायला पाहिजे, साडेतीन-पावणेचारच्या आसपास. माझी गाडी २.२ वर पोट भरलं म्हणते. त्यातून चार्जरचं वजा केलं तर बॅटरीत जेमतेम १.९ युनिट जातात, म्हणजे ६० टक्के. तुमच्या ७० च्या खालीच आहे हे. आणि मी गाडी कशी चालवते, पाऊस पडतो की ऊन, टायरमध्ये हवा किती, याचा रात्री घरात उभ्या असलेल्या गाडीने किती वीज प्यायची याच्याशी काय संबंध? मी हळू चालवली काय, जोरात चालवली काय, बादली ३.२ ची असेल तर भरायला तेवढं पाणी लागणारच ना.

आणखी एक गंमत. १.९ युनिटमध्ये गाडी ६० किमी जाते, त्याच हिशोबाने ३.२ युनिट असते तर साधारण १०० किमी गेली असती. म्हणजे तुमचा सेल्सवाला खोटं बोलला नव्हता, आणि माझं चालवणंही ठीक आहे. खोट फक्त बॅटरीत आहे.

कस्टमर केअरच्या एका सरांनी मला १३० हा आयडीसी टेस्टचा आकडा आहे असं समजावलं. ते मला माहितीये. ती टेस्ट रोलरवर होते, जास्तीत जास्त स्पीड ४२ आणि सरासरी २२ च्या आसपास, रस्त्यावर थोडं कमी मिळणार हे मान्यच. पण थोडं कमी म्हणजे अर्ध्याहून कमी नाही. आणि बॅटरीत किती युनिट मावतात हे काही टेस्टवर अवलंबून नसतं, त्यामुळे तो मुद्दा इथे आणूच नका.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. आधी माझ्यासमोर बॅटरी पूर्ण भरून पूर्ण उतरवून कपॅसिटी टेस्ट करा आणि त्याचा आकडा, एसओएच आणि सेलचे व्होल्टेज मला सही-शिक्क्यासकट लेखी द्या. त्यात ७० च्या खाली निघालं की नवीन बॅटरी पॅक, नवीन म्हणजे नवीनच, दुसऱ्याच्या गाडीतला काढून दुरुस्त केलेला नाही, आतले दोन-चार सेल बदलून परत बंद केलेला नाही, आणि त्याला वॉरंटी बदलल्या तारखेपासून. काम होईपर्यंत दुसरी गाडी द्या, कारण गाडी नाही तर माझं कामच बंद. हे जमत नसेल तर गाडी परत घ्या आणि आरटीओ, विमा धरून पूर्ण १,१८,५०० परत करा, लोन मी माझं फेडेन. आणखी एक अपडेट मारून देतो असं म्हणायला फोन करू नका. आणि नवीन बॅटरी विकत घ्या, ६८ हजार पडतील, हे काउंटरवर जे ऐकवलं ते तर परत कुणी बोलूच नका.

हा मेल मिळाल्यापासून १५ दिवस देते, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत. तोपर्यंत लेखी उत्तर नाही आलं तर १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवणार आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मी वाचलाय. सदोष वस्तूची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, आयोग वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो, आणि दोष तपासायला वस्तू लॅबला पाठवायचीही त्यांना सोय आहे. मी स्वतः लॅबचं काम करते, रिपोर्टला मी घाबरत नाही.

तरी मला भांडण नकोय. गाडी चांगली आहे हो, पेट्रोलचे पैसे वाचतात, आवाज नाही, सकाळी सहाला कुणाच्या बिल्डिंगमध्ये गेले तर कुत्रं सुद्धा उठत नाही. मला फक्त जेवढ्या बॅटरीचे पैसे दिले तेवढी बॅटरी पाहिजे.

माणूस पाठवायचा असेल तर दुपारी १ ते ३ मध्ये पाठवा. हल्ली त्या वेळात मी घरीच असते, गाडी दुसऱ्यांदा चार्जिंगला लावलेली असते म्हणून.

वैशाली
इंदिरानगर, नाशिक