फोनच्या या टोकाला मी होतो

नमस्कार. सर म्हणाले, "मार्गदर्शन करा." मार्गदर्शन मला जमत नाही. कराडला स्टँडजवळ माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, हात कायम ग्रीसचे. बारा वर्षांपूर्वी मी तुमच्यासारखाच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हाची एक गोष्ट सांगतो.

माझा एक मित्र मसूरच्या बाजूनं रोज गाडीवरून यायचा. त्याचं नाव सांगणार नाही, त्याच्या आईला तसा शब्द दिलाय. आता तुम्हाला वाटेल हा पोरगा हेल्मेट घालत नसणार. घालायचा. त्याच्या वडिलांनी ऊसबिलाच्या पैशातून घेऊन दिलेलं, काळं, आयएसआय मार्कचं.

डिसेंबरची सकाळ होती. फिजिक्सचं जर्नल सबमिट करायचा शेवटचा दिवस, आणि माझं जर्नल त्याच्याकडं राहिलेलं. मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. परत लावला. चौथ्या वेळी त्यानं गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, कोपरात अडकवलं आणि फोन उचलला. मी म्हणालो, "जर्नल घेतलंयस ना?" तो म्हणाला, "घेतलंय रे, आलोच." इथं फोन ठेवला असता तर आज मी इथं उभा नसतो. पण मी म्हणालो, "थांब, ठेवू नको, अजून एक सांगायचंय." काय सांगायचं होतं, ते मला आजही आठवत नाही, इतकं ते फालतू होतं. उशीर होत होता, म्हणून त्यानं फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला आणि गाडी काढली.

मला आधी वारा ऐकू येत होता. मग पत्र्याचा डबा आपटावा तसा आवाज. मग इंजिन नुसतंच ओरडत होतं. आणि कुणीतरी लांबून म्हणालं, "अरे, आधी गाडी बंद करा!" मी हॅलो हॅलो करत बसलो होतो.

कारखाना चालू असला की आमच्याकडच्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेला ऊस असतो. त्यावरून पुढचं चाक घसरलं. मान वाकडी, एक खांदा आवळलेला, कोपरात हेल्मेट. अशा अवस्थेत हँडल काय सावरणार? वेग पन्नासच्या आसपास असेल. पन्नासच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे या हॉलच्या दारापासून माझ्यापर्यंत, तुम्ही "हां बोल" म्हणेपर्यंत.

हेल्मेट मी दवाखान्यात पाहिलं. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर.

तो जगला. लोक म्हणतात, देवाची कृपा. असेल. पण तो वर्गात गणितात पहिला यायचा, आणि आता दुकानातून सुटे पैसे घेऊन आला की आईसमोर हात उघडा करतो, "मोज." जेवताना मीठ हवं असलं तर बोटानं दाखवतो, शब्द सापडत नाही. मला ओळखतो. कधीकधी विचारतो, "जर्नल दिलं का रे?"

(थोडं पाणी द्या.)

केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे : हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं त्या वर्षी अपघातात गेली. त्यातली १४,३३७ मागं बसलेली होती. मागच्या सीटवाल्यांनो, ऐकताय ना? दंड हजार रुपये आहे आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं, पण पोलीस दिसल्यावर डोक्यावर येणाऱ्या हेल्मेटबद्दल मला बोलायचंच नाही.

मला बोलायचंय फोन करणाऱ्याबद्दल. भाषणांत सगळे गाडीवाल्याला शिव्या घालतात, पलीकडच्याला कुणी काही म्हणत नाही. मी आता कुणालाही फोन लावला की पहिला प्रश्न, "गाडीवर आहेस का?" "हो" आलं की पुढचं न ऐकता ठेवतो. गिऱ्हाईकं चिडतात. चिडू देत. आईवडलांनाही सांगून ठेवा की निघालो की फोन बॅगेत जाणार, पोचल्यावर मीच करीन. ब्लूटूथ लावून बोललात तर हात मोकळे राहतात, लक्ष राहत नाही. आणि मॅप बघायचा तर गाडी थांबवून.

आता धंद्याचं सांगतो. हे हेल्मेट बघा. आतला हा थर्माकोलसारखा थर आहे ना, खरं काम त्याचं. तो दबतो, मार खातो, म्हणून डोकं वाचतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, वरून नवं दिसलं तरी. आणि पट्टा! माझ्याकडं येणाऱ्यांतले निम्मे पट्टा लावत नाहीत. मग ते पहिल्या धक्क्याला डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं.

या, कुणीतरी पुढं या. तू ये, निळा शर्ट. घाल. पट्टा लाव. हनुवटीखाली एक बोट जेमतेम जातंय का बघ. आता मान हलव. हेल्मेट मानेबरोबर फिरतंय ना? असं. मागं स्टँडवर ज्यांच्या गाड्या आहेत, त्यांनी आपापली हेल्मेटं घेऊन या. मी तपासून देतो, पैसे नाहीत.