रात्रपाळीच्या आठवड्यातील साखरेची नोंद

सोमवार, ९ जून २०२५, सायंकाळी ६

आज रात्री ९ पासून सात रात्रींची पाळी सुरू होत आहे. मे महिन्यात माझ्या रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ८.१ टक्के आली. त्याआधी ती ७.४ होती. गोळ्या त्याच, घरचे जेवण तेच, वजनही साधारण तेवढेच. डॉक्टरांनी कागद पाहून एवढेच विचारले, "सिस्टर, रात्रपाळीच्या आठवड्यात तुमची साखर किती असते?" मला उत्तर देता आले नाही. वॉर्डात बत्तीस खाटांचे साखरेचे तक्ते मी दर पाळीला भरते, आणि स्वतःचे रक्त मात्र गेल्या वर्षभरात फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी तपासलेले आहे. म्हणून या आठवड्यात रोज चार वेळा तपासायचे ठरवले आहे आणि पन्नास स्ट्रिपांची डबी आणली आहे.

ग्लुकोमीटरबरोबर मिळालेल्या वहीत 'सकाळी उपाशीपोटी' आणि 'रात्री जेवणानंतर' असे रकाने आहेत. सकाळी साडेसातला मी उपाशीपोटी नसते, कारण पहाटे काहीतरी खाल्लेले असते, आणि माझी खरी उपाशीपोटीची वेळ दुपारी झोपून उठल्यावरची असते. त्यामुळे ते रकाने खोडून मी नवे आखले: झोपून उठल्यावर, मुख्य जेवणानंतर दोन तासांनी, पहाटे, आणि पाळी संपताना. प्रत्येक आकड्यापुढे शेवटचा घास किती वाजता घेतला तेही लिहीन.

थकव्यासाठी एक ते दहा आकडे ठरवले आहेत. पाच म्हणजे औषधाच्या कुपीवरील नाव दोनदा वाचावे लागणे. आठ म्हणजे खुर्चीत बसताच डोळा लागणे. सातच्या पुढे असताना इन्सुलिनचा डोस सोबतच्या सिस्टरना दाखवल्याशिवाय द्यायचा नाही, असा नियम मी स्वतःसाठी आजच लिहून ठेवते.

आज सकाळी साडेसहाला, रात्रभराच्या नेहमीच्या झोपेनंतर, १३८. गोळ्या: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा जेवणानंतर, ग्लिमेपिराइड १ सकाळी नाश्त्यापूर्वी.

मंगळवार, १० जून, सकाळी ८.१५

काल साडेसातला घरी दोन ज्वारीच्या भाकरी, पिठले आणि शेंगांची चटणी खाऊन निघाले. रात्री साडेनऊला १७६. दीड वाजता साखरेचा चहा आणि चार बिस्किटे. ही गेल्या अठरा वर्षांची सवय आहे आणि तिला मी कधी खाण्यात धरले नव्हते. तीन वाजता २०४. पाळी संपताना साडेसातला १६२. बारा वाजता थकवा चार होता, चार वाजता सात.

आज वटपौर्णिमा आहे. सासूबाई पूजेचे ताट घेऊन थांबल्या आहेत, त्यामुळे वडाला जाऊन येईन आणि मगच झोपेन. उपवास असल्याने सकाळची ग्लिमेपिराइड घेणार नाही. पोटात अन्न नसताना ती गोळी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, हे मी रुग्णांना इतक्या वेळा सांगितले आहे की स्वतःच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

बुधवार, ११ जून, सकाळी ९

काल पूजेनंतर सव्वादहाला झोपले आणि दोन वाजता जाग आली. झोप पावणेचार तास. उठल्यावर १४६. सायंकाळी सात वाजता मोठी थाळीभर साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेले रताळे खाल्ले, आणि नऊ वाजता आकडा आला २४८. दिवसभर काही न खाता संध्याकाळी एकदम साबुदाणा खाणे म्हणजे उपवास नव्हे, निव्वळ पिष्टाचे जेवण आहे. सासूबाईंना मी हा आकडा दाखवला. त्या वहीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी भगर आणि ताक करू, तेही थोडेच." त्यांना त्याचे वाईट वाटले, आणि त्यांनी ते मनावर घेतले याचे मला बरे वाटले.

बिस्किटे खाल्ली नाहीत. पहाटे तीनला १७१, साडेसातला १४९. थकवा मात्र दोन वाजल्यापासूनच आठ होता, आणि तो साखरेमुळे नव्हे तर झोपेमुळे होता असे मला वाटते. चार वाजताचे दोन इन्सुलिनचे डोस नियमाप्रमाणे सोबतच्या सिस्टरकडून तपासून घेतले.

गुरुवार, १२ जून, सकाळी ८.३०

काल उठायला उशीर झाला, सव्वातीन. उठल्यावर १२९. लेकीच्या बारावीच्या पुस्तकांसाठी बाजारात जावे लागले, त्यामुळे घरी जेवण झाले नाही आणि डबा बरोबर नेला. तो उघडायला रात्रीचे पावणेदोन वाजले. डब्यात सोमवारचेच जेवण होते: दोन भाकरी, पिठले, चटणी. पावणेचारला २२९. सोमवारी संध्याकाळी याच जेवणानंतर दोन तासांनी १७६ होते. त्रेपन्नाचा फरक आहे. एका वेळच्या तुलनेवरून निष्कर्ष काढणे बरोबर नाही, ग्लुकोमीटरचा आकडाही थोडाफार इकडेतिकडे होतो. तरी रात्री उशिरा शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता कमी झालेली असते हे आम्ही शिकलो आहोत, आणि आज ते माझ्याच बोटाच्या थेंबात दिसले. साडेसातला १८३. थकवा सात. जेवणानंतरची ती जडपणाची गुंगी तर वेगळीच होती. पाय ओढत चालल्यासारखे वाटत होते.

आता चार चमचे उपमा खाऊन दोन्ही गोळ्या घेतल्या आहेत. भूक नाही, झोप येते आहे.

गुरुवार, १२ जून, दुपारी ४

ही नोंद झोपण्याआधीच्या नोंदीला जोडून वाचावी.

एक वाजून दहा मिनिटांनी जाग आली ती घामाने भिजून. हात थरथरत होते, छातीत धडधड होती, आणि मी कोणत्या खोलीत आहे हे क्षणभर उमजले नाही. घरात कोणी नव्हते. ग्लुकोमीटर उशाशी होता म्हणून बरे. ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायले, पंधरा मिनिटे भिंतीला टेकून बसले, पुन्हा तपासले तेव्हा ८३. मग भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

रुग्णाला असे झाले असते तर पहिला प्रश्न विचारला असता की गोळी कधी घेतली आणि त्यावर काय खाल्ले. उत्तर वर माझ्याच अक्षरात आहे: ग्लिमेपिराइड घेतली, चार चमचे उपमा खाल्ला आणि झोपले. चिठ्ठीवर 'सकाळी नाश्त्यापूर्वी' असे लिहिले आहे, आणि ते दिवसा जागणाऱ्या माणसासाठी बरोबरच आहे, कारण त्याच्या नाश्त्यानंतर दुपारचे जेवण येते. माझ्या नाश्त्यानंतर सहा तासांची झोप येते. म्हणजे गोळीचा जोर ज्या वेळी असतो त्याच वेळी मी उपाशी आणि बेसावध असते. गेल्या वर्षभरात रात्रपाळीत दुपारी डोके जड होऊन, घाम येऊन मी किती वेळा उठले आहे! प्रत्येक वेळी उकाड्याला दोष दिला. सोलापूरच्या उन्हात तो सहज खपूनही गेला.

हे लिहिताना मला भीती वाटते आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. जाग आली नसती तर साडेतीनला लेक येईपर्यंत दार उघडणारे कोणी नव्हते.

डॉक्टरांना दूरध्वनी केला आहे. त्यांनी सांगितले: रात्रपाळीच्या आठवड्यात ग्लिमेपिराइड झोपण्यापूर्वी घ्यायची नाही, सायंकाळच्या मुख्य जेवणापूर्वी घ्यायची; आज मात्र दुसरी गोळी नको; आणि वही घेऊन बुधवारी भेटायचे.

शुक्रवार, १३ जून, सकाळी ९

काल भीतीपोटी सायंकाळी गरजेपेक्षा जास्त खाल्ले, तीन भाकरी आणि वर आमरस. साडेनऊला २३१. पहाटे १९४, साडेसातला १६६. थकवा आठ, डोकेदुखी रात्रभर. साखर एकदा खाली गेली की त्या दिवसाचे उरलेले तास असे फुकट जातात.

शनिवार, १४ जून, सकाळी ८.४५

काल उठल्यावर १४१. सव्वासातला गोळी, साडेसातला जेवण: दोन भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण. साडेनऊला १६८.

पहाटे तीनला आकडा आला २७१ आणि माझ्या पोटात गोळा उठला. मग आठवले की सोबतच्या सिस्टरने आणलेले आंबे थोड्याच वेळापूर्वी मी सर्वांसाठी कापले होते. स्वतः एक फोडही खाल्ली नव्हती, पण रस बोटांना होता. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला: १५९. एक स्ट्रिप वाया गेली. स्पिरिटचा बोळा फिरवला म्हणजे झाले, असे समजणाऱ्या नव्या मुलींना ही जोडी मी मुद्दाम दाखवणार आहे. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून एखाद्या रुग्णाला जादा इन्सुलिन दिले गेले असते तर काय झाले असते, हा विचार घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. साडेसातला १४४. थकवा सहा.

रविवार, १५ जून, सकाळी ९.३०

उठल्यावर १३४, साडेनऊला १७२. पहाटेची नोंद नाही. अडीच ते सहा या वेळात दोन रुग्ण दाखल झाले आणि कोपऱ्यातील आजींना धाप लागली. पाणी प्यायलाही उसंत नव्हती. खिशात खडीसाखर होती आणि एकदा हात कापतो आहे असे वाटून दोन खडे तोंडात टाकले. तपासायला हवे होते. साडेसातला १३१. थकवा नऊ, पण आजी आता शांत झोपल्या आहेत.

सोमवार, १६ जून, सकाळी ८.४०

शेवटची रात्र. काल पावणेदहा ते साडेचार सलग झोप झाली, या आठवड्यातील सर्वांत मोठी. उठल्यावर १२२. साडेसातला जेवण, साडेनऊला १६४. दीड वाजता फक्त ताक आणि मूठभर भाजलेले फुटाणे. साडेतीनला १४७, साडेसातला १३३. थकवा चार वाजता पाच, म्हणजे कुपीवरचे नाव दोनदा वाचले, पण खुर्चीत डोळा लागला नाही.

बुधवारी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आजपासून दिवसाचे वेळापत्रक सुरू होते, तेव्हा गोळी सायंकाळवरून पुन्हा सकाळी कोणत्या दिवशी न्यायची. मध्ये एकाच दिवशी दोनदा घेतली जाऊ नये. आणि ८.१ या सरासरीत असे किती घसरलेले आकडे दडलेले असतील. कारण सरासरीत ५८ आणि २४८ एकमेकांना झाकून टाकतात, आणि मला यापुढे ते वेगवेगळे दिसायला हवे आहेत.

आता एक भाकरी आणि दूध घेते, मेटफॉर्मिन घेते. ग्लिमेपिराइडचे पाकीट कपाटात ठेवले आहे. ग्लुकोमीटर, साखरेची पुडी आणि पाण्याचा तांब्या उशाशी आहे, आणि शेजारच्या वहिनींकडे घराची दुसरी किल्ली देऊन ठेवली आहे.