कॉलेजच्या एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर संपलं, गावकऱ्यांचे आभार

राम राम मंडळी! सरपंच ताई, पोलीस पाटील, मुख्याध्यापक सर, आबा, नाना, जिभाऊ, मायमाउल्या आणि मागे भिंतीवर बसलेली सगळी पोरं, आधी भिंतीवरून खाली उतरा रे, शेवटच्या दिवशी कोणी पडायला नको.

भाषण मोठं करणार नाही. बाहेर गाडी उभी आहे, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेलाय आणि तुम्हालाही कापूस वेचायला जायचंय. पण आभार मानल्याशिवाय गेलो तर आमचीच पोरं मला बोलतील, म्हणून थोडं ऐकून घ्या.

ग्रामपंचायतीने शाळेचे वर्ग, पाणी आणि लाइटची सोय करून दिली, अंगणवाडी ताई आणि आशा ताईंनी सर्व्हेसाठी गल्लोगल्ली फिरून पोरांची ओळख करून दिली, मंदिर ट्रस्टने मोठी भांडी दिली, ट्रॅक्टरवाल्या दादांनी डिझेलचे पैसे घेतले नाहीत, घ्या म्हटलं तर उलट रागावले. या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं घेत नाही, एखादं राहिलं की वर्षभर ऐकावं लागतं, हा मागचा अनुभव आहे.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. पहिल्याच दिवशी संध्याकाळी थंडी एवढी पडली की पोरं स्वेटर घालूनही कुडकुडत होती. मुली शाळेच्या एका वर्गात आमच्या मॅडमसोबत. रात्री आठच्या सुमाराला या गल्लीतल्या चार-पाच माय गोधड्या काखेत घेऊन आल्या, म्हणे "ह्या आंडेरी एकल्या झोपतीन का वं? आमना घर चाला." मी हात जोडून सांगितलं की माय, कॉलेजचा नियम आहे, मुलींना घरोघरी पाठवता येत नाही, त्या मॅडमसोबतच राहतील. मला वाटलं आता वाईट वाटेल त्यांना. तर त्या म्हणाल्या बरं, त्या नही येत तर आम्ही येतो. आणि खरंच रोज रात्री दोघी-दोघी पाळीपाळीने येऊन दाराजवळ गोधडी टाकून झोपल्या, पहाटे उठून परत घरच्या चुलीपाशी. मुलींच्या घरून रोज फोन यायचे, सर पोरगी नीट आहे ना, तर मी एवढंच सांगायचो की दाराशी गावातल्या आज्या झोपल्यात, काळजी करू नका. त्यापुढे कोणी काही विचारलंच नाही.

दुसरं बंधाऱ्याचं. आमच्या पोरांना नाल्यावरची रस्त्याजवळची जागा आवडली होती, गाडी जाते, गोण्या वाहायला सोपं, आणि खरं सांगायचं तर फोटोही चांगला येतो. आपले पागोटेवाले बाबा काठी टेकत आले, नाल्यात उतरले, काठीने दोन-तीन ठिकाणी टोचून बघितलं आणि म्हणाले "आठे पाणी थांबत नही, खाले नुसती वाळू शे." मग वरच्या अंगाला घेऊन गेले, जिथं नाला अरुंद होतो आणि तळ कडक लागतो. गोण्या वाहून पोरांचे खांदे सोलले, पण आज सकाळी जाऊन बघा, बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साचलंय. बाबांनीच शिकवलं की गोणी गच्च भरायची नाही, थोडी सैल ठेवायची म्हणजे ती बसते, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, विटांचं बांधकाम करतो तसं. आमच्या सायन्सच्या पोरांनी वहीत लिहून घेतलंय हे.

एक विनंती आहे, ती मात्र लक्षात ठेवा. हा वनराई बंधारा म्हणजे कच्चं काम आहे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उन्हाने विरतात. काठावरच्या विहिरींना आणि हरभऱ्याच्या पाण्याला जेवढा आधार होईल तेवढा घ्या, पण पावसाळ्याच्या आधी गोण्या काढून टाका, नाहीतर पहिल्या पुरात वाहत जाऊन खाली मोरीत अडकतील आणि शिव्या आम्हाला बसतील. शोषखड्ड्यांचंही तसंच, सांडपाणी आधी ज्या छोट्या टाकीत पडतं तिथला गाळ अधूनमधून काढत राहा, गाळ खड्ड्यात गेला की खड्डा पाणी पीत नाही. सर्व्हेचे कागद ग्रामसेवकांकडे दिलेत, ते कपाटात ठेवू नका एवढंच म्हणणं आहे, ग्रामसभेत वाचा.

जेवणाबद्दल काय बोलू! आम्ही धान्य, तेल, सगळं सोबत आणलं होतं, बजेट छापून आणलं होतं, आणि त्यातलं अर्धं परत चाललंय, कारण रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून काहीतरी यायचंच. पोरं सर्व्हेला गेली की "आते कुठे चालनात, जेवीसन जा." पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, वर तेलाची धार, आणि कळण्याची भाकरी. आमच्यात दोन पोरं मुंबईकडची आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी काळसर भाकरी बघून नाक मुरडलं होतं, काल दोघं चुलीपाशी बसून तव्यावरून उतरायची वाट बघत होते. बचत गटाच्या ताईंनी आमच्या मुलींना भाकरी थापायला शिकवलं, मुलांनाही शिकवलं, मुलांच्या भाकऱ्यांचे नकाशे आम्हीच खाल्ले, त्याबद्दल काही बोलत नाही.

आणि त्या वावरवाल्या भाऊंचे विशेष आभार, ज्यांच्या हरभऱ्यात आमची काही मंडळी न विचारता घाटे खायला शिरली. ते ओरडले नाहीत. तोडा म्हणाले, पण झाड उपटू नका, आणि जाताना शर्टाच्या ओट्यात भरून दिले. संध्याकाळी मी त्या पोरांना तुमच्या घरी माफी मागायला पाठवलं तर ती तिथून चहा पिऊन आली, आता मी काय शिक्षा करणार.

एनएसएस १९६९ साली सुरू झालं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. कागदावर बघितलं तर पोरांना दोन वर्षांत २४० तास काम आणि एक असं सात दिवसांचं शिबिर पूर्ण करायचं असतं, मग सर्टिफिकेट मिळतं. त्यात पावडी कशी धरायची, म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं, ताट स्वतः घासायचं, याचे मार्क नसतात. ते तुम्ही शिकवलंत आणि फी घेतली नाहीत.

पोरांनो, आता तुमच्यासाठी. वर्ग झाडून झालेत, सतरंज्या मोजून दिल्यात, पण मंदिराचा एक झारा कमी भरतोय. सगळ्यांनी आपापल्या बॅगा बघा. हसू नका, खरंच बघा, मागच्या वेळी एकाच्या बॅगेत किसणी निघाली होती.

माय, दादा, भाऊ, आखाजीला या म्हणून तुम्ही सांगितलंय, मुलींनी तर झोक्याची झाडंही बघून ठेवलीत. परीक्षा नेमकी तेव्हा आली नाही तर नक्की येऊ. आणि तुमची पोरं बारावीनंतर अॅडमिशनला अमळनेरला आली की सरळ माझ्या केबिनमध्ये पाठवा, फॉर्म, स्कॉलरशिप, जातीचा दाखला, काय लागेल ते बघू, सायबर कॅफेवाल्याला उगाच पैसे देऊ नका.

चाव्या मुख्याध्यापक सरांकडे दिल्यात. सगळ्यांचे पुन्हा एकदा आभार. आता टाळ्या पोरांसाठी नको, ज्या माय रात्री दाराशी झोपल्या त्यांच्यासाठी वाजवा, जोरात. जय हिंद, राम राम!