पाप, पश्चात्ताप, प्रायश्चित्त : क्षमा मागायची कोणाकडे?

चर्चापत्रक | इयत्ता अकरावी-बारावी | दोन तासिका

सुरुवातीलाच एक विनंती. स्वतःच्या चुकांची कबुली इथे कोणीही देऊ नये आणि कोणी ती मागूही नये. 'तुमच्या धर्मात असं का?' हा प्रश्नही वर्गमित्राला विचारू नये; तो काही अख्ख्या धर्माचा वकील नाही.

आधी हा प्रसंग वाचा

एका मुलीने रागाच्या भरात मैत्रिणीबद्दल उठवलं, की ती परीक्षेत कॉपी करते. ते धादांत खोटं होतं. आठवडाभरात वर्गाने त्या मैत्रिणीशी बोलणं टाकलं आणि सहामाहीनंतर ती कॉलेज सोडून गेली. आज दोन वर्षं झाली. या मुलीने देवापुढे हात जोडले, उपवास केले, साठवलेल्या पैशांतून दानही केलं. मैत्रिणीचा नंबर अजून तिच्या फोनमध्ये आहे. ती मेसेज लिहिते आणि पुसून टाकते.

तिचं प्रायश्चित्त झालं का? उत्तर वहीत दोन ओळींत लिहा, मगच पुढे वाचा.

परंपरा काय म्हणतात

पाप म्हणजे काय, इथूनच वाटा फुटतात. पापासाठी हिब्रूतला एक शब्द आहे 'खेत'. त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात, विशेषतः संत ऑगस्टीननंतर, माणूस जन्मतःच पापाच्या छायेत असतो. इस्लामला हे मान्य नाही: मूल निष्पाप जन्मतं आणि कोणी कोणाचं ओझं वाहत नाही. बौद्ध विचारात कर्माचं मूळ हेतूत आहे, आणि क्षमा करणारा ईश्वर तिथे नाहीच.

परत फिरण्याची कल्पना मात्र जवळजवळ सगळीकडे सापडते. ज्यूंचा 'तेशुवा' आणि मुसलमानांचा 'तौबा' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ परतणं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणं. आपला 'पश्चात्ताप' हा मागाहून होणारा ताप आहे, आणि 'प्रायश्चित्त' या शब्दाची पारंपरिक फोड तप आणि निश्चय अशी करतात. म्हणजे नुसतं पोळून निघणं पुरेसं नाही, पुढचा निर्धारही हवा.

आता आपल्या प्रसंगाकडे. ज्यू परंपरेतला मिश्ना हा ग्रंथ इथे नेमकं बोलतो: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांना योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस पुरतो, माणसामाणसांतल्या पापांना पुरत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. बाराव्या शतकातले ज्यू विद्वान मायमोनिडीस त्याहून बारकाईने सांगतात. दुखावलेला माणूस माफ करत नसेल, तर तीन माणसं घेऊन त्याच्याकडे जा. असं तीनदा करा. तो मरण पावला असेल, तर दहा माणसांना त्याच्या कबरीपाशी न्या आणि त्यांच्यासमोर कबूल करा. हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. माफ करणारं तिथे कोणीच उरलेलं नाही, तरी शब्द मोठ्याने उच्चारायचे आहेत.

इस्लामी विद्वान तौबेच्या तीन अटी सांगतात: पाप थांबवणं, खंत वाटणं, पुन्हा न करण्याचा निश्चय. दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर चौथी जोडली जाते: तो परत करणं. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचा आपल्यावर राग आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये.

मनुस्मृतीत पाप फेडण्याच्या उपायांत तप, अध्ययन आणि दान येतं. त्यांच्याही आधी येतं 'ख्यापन', म्हणजे केलेलं उघड बोलून दाखवणं. उलट गीतेचा नववा अध्याय म्हणतो, की अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय योग्य आहे. जैन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात आणि सर्व जीवांची क्षमा मागतात.

बौद्धांचा अंगुलिमाल मला या सगळ्यांत सर्वांत अवघड वाटतो. अनेकांचे जीव घेतलेला हा माणूस भिक्खू होतो, पुरता बदलतो. तरीही भिक्षेला गेल्यावर त्याच्यावर ढेकळं आणि काठ्या पडतात. डोकं रक्तबंबाळ, भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो बुद्धांकडे येतो. बुद्ध सांगतात: सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे.

गटात बोला

१. त्या मुलीचा उपवास आणि दान वाया गेलं का? मिश्ना आणि गीता यांच्या आधारे दोन्ही बाजू मांडा.

२. 'हक्क परत करणं' ही अट इथे कशी पाळायची? पैसे परत देता येतात. गेलेलं नाव कसं परत द्यायचं, आणि कोणासमोर?

३. 'झालं गेलं गंगेला मिळालं' हे कोणी म्हणायचं, चूक करणाऱ्याने की सोसणाऱ्याने?

४. सर्वांची एकदम क्षमा मागणं आणि एकीचं नाव घेऊन मागणं यांत काय फरक पडतो?

५. मैत्रीण म्हणाली, 'मला तुझा मेसेज नको आहे', तर तिच्यावर माफीची सक्ती होते का? मायमोनिडीसचा तीनदा जाण्याचा नियम इथे लावाल का?

शेवटची दहा मिनिटं वहीतल्या त्या दोन ओळींसाठी. बदलावंसं वाटलं तर खोडू नका. खाली नवीन लिहा.